या महिन्याचं मेंटेनन्स बिल का निघालं नाही: खजिनदाराने सभासदांना काय कळवावं आणि त्याआधी काय तपासावं

१ ऑक्टोबरला सकाळी साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. "अहो, दर महिन्याला एक तारखेला सात वाजता बिलाचा मेसेज येतो, आज आला नाही. माझंच राहिलंय का सगळ्यांचं?" काका निवृत्त झाल्यापासून बिल आल्याच्या दिवशीच पैसे भरतात. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

आमची पुण्यातली ४८ फ्लॅटची सोसायटी. मी खजिनदार म्हणून हिशेब बघतो आणि बिलं सॉफ्टवेअरमधून आपोआप निघतात. अशा वेळी पहिला मोह होतो तो ग्रुपवर लगेच "तांत्रिक अडचणीमुळे बिलं निघाली नाहीत, लवकरच मिळतील" असं टाकून मोकळं व्हायचा. तो आवरावा. या वाक्यातून सभासदाला हवं असलेलं काहीच कळत नाही: पैसे आता भरायचे का, किती भरायचे, उशिराचं व्याज लागेल का. वर "लवकरच" म्हणजे कधी, हे विचारायला वीसजण फोन करतात. चिठ्ठी छोटीच हवी, पण ती लिहिण्याआधी एक संध्याकाळ बसून चार गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. मी त्या ज्या क्रमाने केल्या, त्याच क्रमाने सांगतो.

आधी ठरवा: बिल तयार झालं नाही, की तयार होऊन पोहोचलं नाही?

सभासदाला दोन्ही सारखंच दिसतं, खजिनदारासाठी मात्र ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. कुठल्याही एका सभासदाचं खातं उघडा आणि १ तारखेला त्याच्या नावे बिलाची रक्कम पडली आहे का ते बघा.

रक्कम पडलेली असेल तर बिल तयार आहे, फक्त मेसेज किंवा मेल गेलेला नाही. मेसेजची शिल्लक संपलेली असते, नाहीतर मेल अडकलेले असतात. अशा वेळी बिलं पुन्हा काढायची नसतात, फक्त पुन्हा पाठवायची असतात. इथे घाईने "बिलं तयार करा"चं बटण दाबलं तर प्रत्येकाच्या नावे दोन-दोन बिलं पडतात आणि ती रद्द करत बसण्यात पुढचा आठवडा जातो.

रक्कम पडलेली नसेल तर बिल खरंच निघालेलं नाही. एक खातं बघून थांबू नका. वेगवेगळ्या मजल्यांवरची तीन-चार खाती बघा, त्यात एखादं भाड्याने दिलेल्या घराचं असू द्या. कधी कधी निम्मी बिलं निघून काम मध्येच थांबलेलं असतं. मी चार खाती पाहिली. चारही ठिकाणी शेवटची नोंद १ सप्टेंबरची होती. म्हणजे ऑक्टोबरचं एकही बिल तयार झालं नव्हतं.

कारण शोधताना

आपोआप बिल निघण्यामागे जादू काही नसते. सॉफ्टवेअरमध्ये बिलाचा एक साचा असतो: कुठल्या शीर्षाखाली किती रक्कम, कोणत्या फ्लॅटला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी प्रोग्राम बघतो की आज चालू असलेला साचा आहे का. असला तर बिलं काढतो.

म्हणून सगळ्यात आधी साच्याची `End Date` बघावी. त्यानंतर साच्याची स्थिती बघावी, कारण नुसता जतन केलेला आणि मंजुरी न मिळालेला साचा `Draft` म्हणून पडून राहतो आणि चालत नाही. ही दोन्ही ठीक असतील तर हिशेबाचा तो महिना कुलूपबंद आहे का ते बघा, आणि शेवटी सॉफ्टवेअरची वर्गणी संपली आहे का ते. एप्रिलमध्ये बिलं अडली तर बहुधा नवं आर्थिक वर्ष उघडायचं राहिलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये अडली तर नजर आधी वार्षिक सर्वसाधारण सभेकडे वळवावी. ती सभा आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि दर तिथेच बदलतात.

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. सप्टेंबरच्या सभेत १ ऑक्टोबरपासूनचे नवे दर मंजूर झाले. मी जुन्या साच्याला ३० सप्टेंबर ही शेवटची तारीख घातली आणि नवा साचा तयार करून ठेवला. आमच्याकडे पद्धत अशी आहे की साचा खजिनदार बनवतो आणि मंजुरी सचिव देतात. सचिव सभेच्या इतिवृत्तातला ठराव आणि साच्यातले आकडे ताडून मगच मंजुरी देणार होते. इतिवृत्ताचा मसुदा हाती यायला उशीर झाला आणि मंजुरी राहून गेली. १ तारखेला प्रोग्रामने पाहिलं तेव्हा जुना साचा संपला होता आणि नवा सुरू झाला नव्हता.

अशा वेळी प्रोग्राम कुठलीही तक्रार करत नाही, हे मुद्दाम सांगतो. काम करताना अडला तर तो लाल अक्षरांत सांगतो. इथे त्याच्यापुढे कामच नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला. त्रुटींची यादी कोरी आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नये.

जुन्या दराने बिल काढून टाकावं का?

समितीतल्या एका ताईंनी विचारलं, "आत्ता जुन्या दराने काढू या, फरक पुढच्या महिन्यात लावू. लोकांना निदान बिल तरी मिळेल." सूचना चांगल्या मनाने केलेली होती, पण मी नको म्हटलं. तसं केलं असतं तर ४८ खात्यांवर ऑक्टोबरसाठी एक बिल आणि एक फरकाची नोंद पडली असती. नोव्हेंबरच्या बिलात "मागील फरक" दिसला की प्रत्येकजण त्याचा खुलासा मागणार. शिवाय ज्यांनी ऑक्टोबरचं बिल वेळेत पूर्ण भरलं, त्यांच्याच नावे थकबाकीसारखी ओळ दिसणार. दोन-तीन दिवसांत नव्या दराने बिल निघणार असेल तर थांबणंच बरं. दराबद्दल सभेत वाद झाला असेल आणि ठराव पक्का व्हायलाच वेळ लागणार असेल, तर मात्र जुन्या दराने काढणं योग्य. आमच्या ठरावावर वाद नव्हता, राहिली होती ती फक्त मंजुरी.

चाचणी बिल आणि हाताने केलेली बेरीज

२ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी होती. सचिव आणि मी दुपारी एकत्र बसलो. बिलं जाहीर करण्याआधी चाचणीची यादी काढता येते. तिची एकूण रक्कम कागदावर केलेल्या बेरजेशी जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं आमचं ठरलं.

कागदावरचा हिशेब असा. सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना समान असतं. ते १,९०० वरून २,२०० रुपये झालं. ४८ फ्लॅटचे १,०५,६०० रुपये. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर ठरतो, पण आमच्या सगळ्या घरांत नळ सारखेच, म्हणून प्रत्येकी ३५० रुपये; आधी ३०० होते. त्याचे १६,८०० रुपये. दुरुस्ती निधी ४५० आणि सिंकिंग फंड १५० हे बदललेले नाहीत. ते फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला अनुक्रमे ०.७५ आणि ०.२५ टक्के या हिशेबाने येतात. आमच्याकडे हा खर्च फ्लॅटमागे ७,२०,००० रुपये धरलेला आहे, त्यामुळे वर्षाला ५,४०० आणि १,८०० रुपये होतात. ४८ फ्लॅटचे मिळून महिन्याला २१,६०० आणि ७,२०० रुपये. पार्किंग १०० रुपयांप्रमाणे ३१ गाड्यांचं, म्हणजे ३,१००. आणि सहा घरं भाड्याने दिलेली आहेत. त्यांना बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्के, म्हणजे २२० रुपयांप्रमाणे १,३२०. सगळं मिळून १,५५,६२० रुपये.

प्रोग्रामच्या यादीत आले १,५५,४४०. १८० रुपये कमी.

दीड लाखाच्या बिलात १८० रुपयांचा फरक सोडून द्यावासा वाटतो. सोडू नये, कारण असा फरक बहुतेक वेळा स्वतःच पत्ता सांगतो. तो ४८ ने भागला जात नाही, म्हणजे चूक सगळ्यांच्या बिलात नाही. ३१ नेही जात नाही, म्हणून पार्किंगही नाही. सहाने भागला तर येतात ३० रुपये. सहा म्हणजे भाड्याची घरं. जुन्या सेवा शुल्काच्या १० टक्के म्हणजे १९० रुपये, आणि आता हवे होते २२०. साचा बनवताना बिनभोगवटा शुल्क टक्क्यांत न देता १९० हा आकडाच टाकलेला होता. सेवा शुल्क वाढलं तरी तो जागचा हलला नाही. तिथे टक्केवारी घातली, यादी पुन्हा काढली, बेरीज जुळली. ही चूक तशीच राहिली असती तर सोसायटीचे दर महिन्याला १८० रुपये बुडाले असते आणि वर्षभराने लेखापरीक्षणात सहा घरमालकांकडे मागची वसुली निघाली असती.

बिलाची तारीख मागची घालू नका

बिलं ४ ऑक्टोबरला निघणार होती. प्रोग्राम विचारतो, बिलाची तारीख काय? इथे १ ऑक्टोबर घालण्याचा मोह होतो, म्हणजे सगळं नेहमीसारखं दिसेल. पण आमची भरायची मुदत बिलाच्या तारखेनंतर १४ दिवस आहे आणि पुढचं व्याज प्रोग्राम स्वतः लावतो. १ तारीख घातली असती तर मुदत १५ ऑक्टोबरलाच संपली असती आणि बिल ४ तारखेला मिळालेल्या माणसाचे तीन दिवस विनाकारण गेले असते. म्हणून बिलाची तारीख ४ ऑक्टोबर, कालावधी १ ते ३१ ऑक्टोबर आणि शेवटची तारीख १८ ऑक्टोबर. बिलाची तारीख आणि बिलाचा कालावधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रोग्राममध्ये त्यांचे रकानेही वेगळे असतात.

आधीपासून थकबाकी असलेल्यांचं व्याज मात्र या घोळामुळे थांबत नाही आणि वाढतही नाही. ते दिवसांवर मोजलं जात असेल तर एक गोष्ट बघावी: हे मधले तीन दिवस ऑक्टोबरच्या बिलात धरले असतील तर नोव्हेंबरच्या बिलात पुन्हा धरले जाऊ नयेत. ८,७०० रुपयांच्या थकबाकीवर १८ टक्के सरळव्याजाने तीन दिवसांचे तेरा रुपयेही होत नाहीत. पण ज्याच्यावर थकबाकी आहे तो आपलं बिल सगळ्यात बारकाईने वाचतो, आणि तिथे एक रुपया जरी दुबार लागला तरी पुढची वसुली अवघड होते.

मुदत पुढे नेण्याचा निर्णय समितीच्या सभेत दोन ओळींच्या ठरावाने नोंदवून ठेवा. लेखापरीक्षक विचारतात की दर महिन्याची १५ तारीख या महिन्यात १८ कशी झाली.

आता चिठ्ठी

२ तारखेला संध्याकाळी बेरीज जुळली, ४ तारीख पक्की झाली, तेव्हाच चिठ्ठी लिहिली. ती अशी:

> सप्रेम नमस्कार,
>
> ऑक्टोबर महिन्याची मेंटेनन्स बिलं १ तारखेला निघालेली नाहीत. सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या नव्या दरांची नोंद सॉफ्टवेअरमध्ये केली होती, पण तिला मंजुरी द्यायची राहिली. जुन्या दरांची मुदत ३० सप्टेंबरला संपल्यामुळे बिलं तयार झाली नाहीत. कोणाच्याही खात्यातली मागची नोंद बदललेली नाही.
>
> बिलं शनिवार, ४ ऑक्टोबर रोजी नव्या दराने मिळतील. भरायची शेवटची तारीख १५ ऐवजी १८ ऑक्टोबर राहील. तोपर्यंत ऑक्टोबरच्या रकमेवर व्याज लागणार नाही.
>
> बिल मिळेपर्यंत पैसे भरू नयेत. ज्यांचे पैसे बँकेतून आपोआप जातात किंवा ज्यांनी आधीच भरले आहेत, त्यांची रक्कम ऑक्टोबरच्या बिलात वळती होईल. फरक तेवढा भरावा. बँकेतली कायमची सूचना नव्या रकमेप्रमाणे बदलून घ्यावी.
>
> सोसायटीचं बँक खातं तेच आहे. नव्या खात्याचा किंवा क्यूआर कोडचा मेसेज आला तर पैसे पाठवू नयेत, आधी मला फोन करावा.
>
> झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
>
> खजिनदार

यातली काही वाक्यं मी विचार करून ठेवली आहेत. कारण दोन वाक्यांत आणि खरं सांगितलं, पण मंजुरी कोणाची राहिली हे लिहिलं नाही. आमच्यातल्या कामाच्या वाटणीचा सभासदाला उपयोग नसतो आणि सचिवांचं नाव विनाकारण चर्चेत येतं. "मागची नोंद बदललेली नाही" हे लिहिलं, कारण सॉफ्टवेअरचा घोळ म्हटलं की लोकांना पहिली भीती वाटते ती आपण भरलेले पैसे गायब होण्याची. क्यूआर कोडची ओळ तर काढूच नका. बिल कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं, त्या दोन दिवसांत खोटा कोड फिरवणाऱ्याचं फावतं.

थकबाकीदारांची यादी, नव्या दरांचं समर्थन, पाण्याच्या टँकरचा विषय यातलं काहीही या चिठ्ठीत घालू नका. दुसरा विषय आला की ग्रुपवर चर्चा त्याच्यावर सुरू होते आणि १८ तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही.

चिठ्ठी ग्रुपवर टाकली, मेलने पाठवली आणि छापून दोन्ही लिफ्टजवळच्या सूचना फलकावर लावली. काका ग्रुपवर नाहीत, त्यांना फोन केला. परगावी राहणाऱ्या मालकांना मेल वेगळा पाठवला, कारण त्यांचे भाडेकरू चिठ्ठी वाचतात पण बिल मालकाच्या नावाचं असतं.

बिलं निघाल्यावर

३ तारखेला सचिवांनी ठरावाशी आकडे ताडून मंजुरी दिली. ४ तारखेला सकाळी बिलं काढण्याआधी मी नव्या साच्याची पुढची आपोआप चालण्याची तारीख १ नोव्हेंबर केली. ही पायरी चुकवू नका. काही प्रोग्राम साचा सुरू होताच हुकलेली फेरी स्वतःहून पूर्ण करतात. तुम्ही हाताने बिलं काढलीत आणि रात्री त्यानेही काढली, तर दुबार बिलं ठरलेली.

दुबार बिलं ओळखायला बिल क्रमांक उपयोगी पडतात. आमची मालिका १ एप्रिलला १ पासून सुरू होते. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, ४८ फ्लॅट, म्हणजे शेवटचं बिल २८८. ऑक्टोबरची बिलं २८९ ते ३३६ असायला हवीत, आणि तशीच निघाली. ३३७ दिसलं असतं तर तिथेच थांबून शोधावं लागलं असतं. यादी स्प्रेडशीटमध्ये घेऊन पहिल्या रकान्यात फ्लॅट क्रमांक असतील, तर शेजारी हे सूत्र घालून खाली ओढा:

```
=COUNTIF(A:A,A2)
```

सगळीकडे १ दिसला पाहिजे. २ दिसला तर त्या फ्लॅटचं बिल दुबार आहे. आणि ओळी ४८ आहेत ना, तेही मोजा, कारण राहून गेलेला फ्लॅट या सूत्रात सापडत नाही.

यानंतर जो भाग सगळ्यात जास्त वेळ खातो तो म्हणजे आधी आलेले पैसे. नऊ सभासदांच्या बँकेतून ३ तारखेला जुन्या दराची रक्कम जमा झाली होती. त्या दिवशी बिलच नव्हतं, त्यामुळे प्रोग्रामने ती "आगाऊ जमा" म्हणून ठेवली. बिल निघाल्यावर ही रक्कम बिलात आपोआप वळती होईल असं धरून चालू नका. चौथ्या मजल्यावरच्या एका खात्यात २,९०० रुपये आगाऊ जमा आणि ३,२५० रुपये येणे, अशा दोन्ही ओळी एकदमच उभ्या होत्या. असंच ठेवलं तर १९ तारखेपासून प्रोग्राम पूर्ण ३,२५० वर व्याज लावतो, आणि ज्याने सगळ्यात आधी पैसे दिले त्याच्याच बिलावर दंड पडतो. नऊही पावत्या हाताने ऑक्टोबरच्या बिलांना जोडल्या. प्रत्येकाकडे ३५० रुपये बाकी राहिले, एकूण ३,१५०. नऊजणांना एकेक मेसेज केला: "तुमचे २,९०० रुपये ऑक्टोबरच्या बिलात जमा केले आहेत, ३५० रुपये १८ तारखेपर्यंत भरावेत."

त्यातल्या दोघांनी उरलेली रक्कम भरली, पण बँकेतली कायमची सूचना बदलली नाही. ते १ नोव्हेंबरच्या बिलाला पुन्हा ३५० रुपयांनी कमी पडणार. त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत, २८ ऑक्टोबरला फोन करायचा म्हणून. त्याच पानावर ३१ ऑक्टोबरसाठीही एक ओळ आहे: रात्री साचा उघडून शेवटची तारीख आणि मंजुरी बघायची, आणि १ तारखेला सकाळी सात वाजता काकांचं खातं.